पहिली १० किमी: जाड कुशनचे शूज की पातळ सोलचे?

अनघा_र

चौदा आठवड्यांनी माझी पहिली १० किमीची शर्यत आहे. वय ३६, वजन ७८ किलो. दोन महिने आठवड्यातून तीन दिवस तीन मिनिटं धाव, एक मिनिट चाल असं करत साधारण ३ किमी पूर्ण करते.

माझ्याकडे शूजचे दोन जोड आहेत. पहिला नेहमीचा जाड कुशनचा: टाचेखाली ३५ मिमी, चवड्याखाली २५, म्हणजे ड्रॉप १०. दुसरा अगदी पातळ, टाचेपासून बोटांपर्यंत सगळीकडे ८ मिमी, ड्रॉप शून्य. पातळ शूज घालून दोनदा ३ किमी केले. दुसऱ्या वेळेनंतर पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आणि तीन दिवस जिना उतरणं नको झालं. जाड शूजमध्ये पोटऱ्यांचं काही नाही, पण दुसऱ्या किलोमीटरनंतर उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती हलकं दुखतं.

आता पुढचे चौदा आठवडे कोणत्या जोडात सराव करू? एक दिवस हा, एक दिवस तो, असं चालेल का?

---

मोकळा_पाय

पातळच. गुडघा सांगतोय तेच ऐका. जाड टाचेमुळे पाय शरीराच्या खूप पुढे पडतो, टाच आधी आपटते आणि गुडघ्याला हिसका बसतो. २०१० साली डॅनियल लिबरमन यांच्या गटाने नेचरमध्ये दाखवलं की लहानपणापासून अनवाणी धावणारे लोक बहुतेक वेळा चवड्यावर उतरतात आणि त्यांच्या पावलात तो सुरुवातीचा टोकदार धक्का दिसतच नाही. पातळ शूजमध्ये जमीन कळते, म्हणून पाऊल आपोआप हलकं पडतं.

पोटऱ्या दुखल्या म्हणजे झोपलेले स्नायू जागे झाले. दोन-तीन आठवडे रेटा, जाईल.

---

श्रीधर_कु

वरच्या प्रतिसादातलं गुडघ्याचं बरोबर आहे, पण "रेटा" हे फार महागात पडेल. अनघा, तुम्ही निदान आत्ता तरी तसं करू नका.

कोणताही शूज भार नाहीसा करत नाही, फक्त त्याची जागा बदलतो. १० मिमी ड्रॉपच्या शूजमध्ये तो जास्त करून गुडघ्याकडे जातो. शून्य ड्रॉपमध्ये टाच खाली येते, घोटा जास्त वाकतो आणि तोच भार पोटरी, टाचेमागची अकिलीस कंडरा आणि चवड्यातल्या लांब हाडांवर पडतो. गुडघ्याला आराम मिळतो हे खरं, पण तो आराम पोटरीच्या खात्यातून येतो.

आता थोडा हिशेब. तुमचा वेग ताशी ८ किमी आणि मिनिटाला १६० पावलं धरू. म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं, १२०० पावलं. ३ किमीला ३६००, प्रत्येक पायाला १८००. तुम्ही पातळ शूजमध्ये एकाच दिवशी पोटरीला १८०० नवी, जास्त भाराची कामं दिलीत. पोटरीने तीन दिवस तक्रार केली यात नवल नाही.

पोटरी मात्र लवकर शिकते, दोन-तीन आठवड्यांत तिचं दुखणं बहुधा थांबेल. खरी अडचण तिथेच सुरू होते. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, कंडऱ्याला कमी, आणि हाड तर आधी थोडं झिजतं आणि मगच नव्याने भरतं. त्या चक्राला तीन-चार महिने लागतात. म्हणजे पोटरी म्हणते "झालं, चल", आणि त्याच वेळी चवड्याचं दुसरं-तिसरं हाड सगळ्यात कच्चं असतं. दुखणं थांबलं म्हणून अंतर वाढवणारे लोक नेमके इथेच अडकतात.

२०१३ मध्ये सराईत धावपटूंवर याचा प्रयोग झाला होता. दहा आठवड्यांत हळूहळू पातळ शूजकडे गेलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पावलाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. जुनेच शूज वापरणाऱ्या १७ जणांत तसा एकच होता. हे आधीपासून धावणारे लोक होते. तुम्ही शूज बदलणार आणि अंतरही तिपटीने वाढवणार.

---

सुमन_ताई

माझेही पाय सपाट आहेत गं, ओल्या पायाने फरशीवर उभं राहिलं की अख्खा ठसा उमटतो. म्हणून मला उंच कमानीचे शूज सांगितले होते. सपाट पायाला सपाट शूज घातले तर कमान आणखी बसेल ना? अनघा, आधी तू ओल्या पायाचा ठसा काढून बघ.

---

श्रीधर_कु

सुमनताई, इथे सपाट पाय नाही, सपाट सोल म्हणतोय आम्ही. शून्य ड्रॉप म्हणजे टाच आणि चवडा एकाच उंचीवर. पायाला कमान आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि ठशावरून शूज निवडण्यावर फार विसंबू नका. उभं राहून उमटलेला ठसा धावताना पाय कसा वागतो ते सांगत नाही. तुमचे शूज तुम्हाला त्रास देत नसतील तर बदलायचं कारण नाही.

---

रोहिणी_ज

अनघाच्या प्रश्नाला जवळजवळ जशीच्या तशी लागू पडणारी एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. १०३ धावपटू, बारा आठवडे, आणि तयारी १० किमीचीच. चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले: नेहमीचे कुशनचे शूज, मधले लवचिक शूज, आणि पाचबोटी पातळ शूज. हिशेबात धरलेल्या ९९ जणांत २३ जणांना दुखापत झाली. नेहमीच्या शूजमध्ये ४, मधल्यांत १२, पूर्ण पातळमध्ये ७. पूर्ण पातळवाल्यांनी पोटरी आणि नडगी दुखण्याची तक्रार जास्त केली.

मला यात मधल्या गटाचे १२ सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. लोकांना वाटतं की दोन टोकांच्या मधला शूज म्हणजे सुरक्षित तडजोड. कदाचित मधल्या शूजमध्ये जमीन पुरेशी कळतही नाही आणि कुशन पुरेसं वाचवतही नाही. हे माझं अनुमान आहे, चाचणीने कारण सिद्ध केलेलं नाही. आणि आकडे लहान आहेत, तेही ध्यानात ठेवा.

उलट बाजूही सांगते. २०१६ मध्ये ५५३ हौशी धावपटूंना कुशन सारखंच पण ड्रॉप १०, ६ किंवा ० असे शूज सहा महिने दिले होते. एकूण दुखापतीत फरक नाही. पण क्वचित धावणाऱ्यांत कमी ड्रॉपवाल्यांना दुखापत कमी, आणि नियमित धावणाऱ्यांत जास्त. म्हणजे श्रीधर म्हणतात तितकं एकतर्फी नाही हे.

---

श्रीधर_कु

रोहिणी, तो निकाल मला मान्य आहे, पण त्या शूजमध्ये ड्रॉप शून्य असला तरी कुशन पूर्ण होतं. ड्रॉप आणि जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अशा चर्चेत त्या नेहमी एकत्र कालवल्या जातात. अनघाच्या दुसऱ्या जोडात दोन्ही गेलेत. शिवाय अनघा आता आठवड्याला तीनदा धावते आणि अंतर वाढवणार आहे. ती "क्वचित"मध्ये मोडते की "नियमित"मध्ये?

---

रोहिणी_ज

आज क्वचित, आठव्या आठवड्यात नियमित. म्हणूनच त्या निकालावरून तिला सल्ला द्यायला मी कचरते.

---

अनघा_र

पोटरीचं आणि हाडाचं पटलं. पण मग गुडघ्याचं काय? जाड शूज घालून १० किमीपर्यंत गेले तर ते दुखणंही तिप्पट होणार ना?

---

रवी_कोच

गुडघ्यासाठी शूज बदलण्याआधी पावलांची संख्या बदला. हे फुकट आहे आणि एका आठवड्यात कळतं.

सपाट रस्त्यावर पाच मिनिटं सहज धावा. मग ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा जमिनीला लागतो ते मोजा. त्याला चारने गुणलं की मिनिटाची पावलं. समजा ३८ आले, म्हणजे १५२. त्यात पाच टक्के वाढवा, १६०. एकदम दहा टक्के नको, दम लागतो आणि पोटरीवर पुन्हा ओझं येतं. फोनमधला मेट्रोनोम १६० वर लावून एक-एक मिनिटाचे तुकडे करा. वेग वाढवायचा नाही, पाऊल आखूड करायचं. बरोबर होत असेल तर आपटण्याचा आवाज कमी होतो आणि पाय पुढे न पडता कमरेच्या बऱ्यापैकी खाली पडतो.

पावलं पाच ते दहा टक्के वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. मोकळा_पाय ज्याला पातळ शूजचा फायदा म्हणतात त्यातला मोठा भाग हाच आहे: पाऊल आखूड होतं. तो फायदा जाड शूजमध्येही घेता येतो.

एक चूक मात्र सगळे करतात. चवड्यावर उतरायचं ठरवून टाच उचलून धरतात. जाड टाचेच्या शूजमध्ये असं मुद्दाम केलं तर पोटरी दिवसभर ताणलेली राहते. पाय कुठे लागतो ते सोडून द्या, पाऊल आखूड ठेवा, बाकीचं पायाला कळतं.

---

मोकळा_पाय

रेटा म्हणालो ते मागे घेतो, हाडाचं गणित मी धरलं नव्हतं. पण चौदा आठवडे फोममध्ये पाय गुंडाळून ठेवले तर पावलाचे छोटे स्नायू कधी बळकट होणार? शर्यतीनंतर ती तिथेच असेल.

---

श्रीधर_कु

हा मुद्दा रास्त आहे, आणि पातळ जोड कपाटात टाकू नका हे मीही म्हणेन. तो जोड घालून चाला. आठ आठवड्यांच्या एका प्रयोगात धावपटूंनी पातळ शूजमध्ये फक्त चालण्याची पावलं वाढवत नेली, सुरुवात दिवसाला २५०० आणि शेवटी ७०००. पावलाच्या स्नायूंची वाढ पावलाचे व्यायाम करणाऱ्या गटाइतकीच झाली. धावणं त्यांनी आपापल्या नेहमीच्या शूजमध्येच चालू ठेवलं होतं. चालताना दोन्ही पाय एकदम हवेत नसतात, म्हणून धक्का कमी. पण बोटं, कमान आणि घोटा काम करतच राहतात.

अनघासाठी ते असं बसवता येईल. पहिले दोन आठवडे रोज २५०० पावलं, म्हणजे साधारण वीस-पंचवीस मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ५०००, पाचव्यापासून ७०००. सलग नको, दिवसभरात विभागून. लांब धावेच्या दुसऱ्या दिवशी निम्मी.

जोडीला एका पायावर टाच उचलणं. भिंतीला दोन बोटांचा आधार, गुडघा सरळ, दोन सेकंदांत वर आणि दोन सेकंदांत खाली. ज्या वेळी टाच पहिल्याइतकी उंच जात नाही तिथे थांबून आकडा लिहा. दोन्ही पायांना वीस-पंचवीस होत नाहीत तोवर पातळ शूजमध्ये धावायचा विचार नको. डाव्या-उजव्यात पाच किंवा त्याहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्या पायाला एक सेट जास्त.

---

विनय_एस

मग कुशनच घ्यायचं तर ४० मिमीवाले अगदी ढगासारखे का नाहीत? जितकं जास्त तितकं बरं ना?

---

रवी_कोच

नाही. फार मऊ आणि उंच फोमवर घोट्याला तोल सावरायला जास्त काम पडतं, खडबडीत रस्त्यावर पाय मुरगळायची शक्यताही वाढते. आणि मऊ फोममध्ये काही जण उलट पाय जास्त कडक ठेवून आपटतात.

जोड हातात घेऊन तीन गोष्टी बघा. टाचेचा कप अंगठ्याने दाबा, तो चुरगळून आत जायला नको. शूज टोकाला आणि टाचेला धरून वाकवा, घडी चवड्यापाशी पडायला हवी, मध्यावर नाही. सपाट टेबलावर ठेवून मागून बघा, आधीच एका बाजूला कलला असेल तर घेऊ नका. माप संध्याकाळी घ्यायचं, धावताना घालता तेच मोजे घालून, उभं राहून. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. ही जागा नसली की आठ-नऊ किलोमीटरला नख काळं पडतं आणि दोष बिचाऱ्या कुशनला मिळतो.

---

रोहिणी_ज

मऊपणाबद्दल भर घालते. २०२० मध्ये ८०० हून जास्त लोकांवर कडक आणि मऊ कुशनची तुलना झाली. कडक कुशनवाल्यांत दुखापतीचा धोका साधारण दीडपट निघाला. पण मऊ कुशनचा फायदा हलक्या वजनाच्या लोकांत दिसला, जड लोकांत स्पष्ट दिसला नाही. आपण सगळे याच्या उलट समजतो. पातळ शूजच्या बाबतीत मात्र जास्त वजन आणि जास्त दुखापत हे नातं एका वेगळ्या चाचणीत दिसलेलं आहे, आणि ७८ किलोला ते विचारात घ्यावं लागेल.

---

अनघा_र

म्हणजे धावायचं जाड जोडात, चालायचं पातळ जोडात. आज मोजलं: ३० सेकंदांत उजवा पाय ३७ वेळा, म्हणजे १४८ पावलं. टाच उचलणं डावीकडे १४, उजवीकडे १९. आठवडे कसे वाढवू? आणि काय झालं तर थांबायचं?

---

रवी_कोच

१४८ म्हणजे पहिलं लक्ष्य १५५. १६० वर एकदम जाऊ नका.

तीन धावांपैकी दोन ३ ते ५ किमीच्या सोप्या, तिसरी लांब. लांब धाव ४, ४.५, ५ अशी चढवा आणि चौथ्या आठवड्यात परत ४. मग ५.५, ६, ६.५, आठव्यात ५. नवव्यापासून ७, ८, ६, ९. तेराव्या आठवड्यात ६, चौदाव्यात शर्यत. हा खाली येणारा आठवडा चुकवायचा नाही, हाडाला भरायला तोच वेळ मिळतो. तीन मिनिटं धाव, एक मिनिट चाल हे चालू द्या. आठव्यानंतर पाच-एक करा. १० किमी चालत-धावत पूर्ण झाले तरी ते १० किमीच आहेत. शर्यतीच्या दिवशी नवा जोड नाही, किमान ३०-४० किमी झालेलाच. आणि हाच जोड शर्यतीनंतरही चालेल, फोम साधारण ५०० ते ८०० किमी टिकतो. तुमची सगळी तयारी साधारण २०० किमीच्या आसपासच होईल.

---

श्रीधर_कु

थांबायचं कधी ते जागेवरून ठरतं.

पोटरीत दोन्ही बाजूंना सारखं, पसरट दुखणं, हालचालीने सुटणारं: एक दिवस सुट्टी, पुढची धाव सोपी. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेच्या मागे, अकिलीसमध्ये ताठरपणा: दहा-पंधरा पावलांत सुटत असेल तर अंतर वाढवू नका, अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल तर धाव बंद आणि पातळ शूजमधलं चालणंही बंद.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे, हाडावर अंगठ्याचं टोक ठेवून एकेक सेंटीमीटर दाबत जा. एकाच बिंदूवर तीक्ष्ण दुखलं, तिथे थोडी सूज असली, त्या पायावर एक उडी मारताच कळ आली, तर हाडाला बारीक तडा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, धरून चालायचं. धावणं त्याच दिवशी थांबवा, डॉक्टरांना दाखवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून "एक्स-रे स्वच्छ आहे" एवढ्यावर परत धावायला लागू नका.

गुडघ्याचं: पावलं वाढवूनही तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा धावल्यानंतर जिना चढताना दुखायला लागलं, तर फिजिओकडून मांडीचा आणि कुल्ह्याचा जोर तपासून घ्या. पण तेवढ्यासाठी पातळ जोडात उडी नको.

---

मोकळा_पाय

आणि शर्यतीनंतर? तेव्हा तरी पातळ शूजमध्ये धावायला हरकत नसावी.

---

श्रीधर_कु

तेव्हा हरकत नाही, कारण मग अंतर स्थिर ठेवून फक्त शूज बदलता येतील. आठवड्याच्या एकूण अंतराच्या दहाव्या हिश्शाने सुरुवात. १५ किमीला दीड किमी, तेही ५०० मीटरचे तीन तुकडे, धावेच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना. दर आठवड्याला पाच टक्के वाढ, आणि अंगठ्याची दाबून बघायची तपासणी रोज.

सगळं अंतर पातळ जोडात न्यायचंच का, यावर माझं आणि रोहिणीचं पटणार नाही. मला एक-तृतीयांशाच्या पुढे जायचं कारण दिसत नाही.

---

रोहिणी_ज

मला दिसतं, पण सहा महिन्यांत, चौदा आठवड्यांत नाही. आणि ७८ किलोला तेही सावकाश.

---

सुमन_ताई

मग मी चालण्यासाठी तरी पातळ घेऊ का? मी रोज चार हजार पावलं चालते.

---

श्रीधर_कु

सुमनताई, पहिले दोन आठवडे त्यातली हजारच पातळ शूजमध्ये, बाकी जुन्या जोडात. टाचेच्या तळाशी सकाळी पहिल्या पावलाला टोचल्यासारखं झालं तर परत जुन्यावर या. आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असेल तर पातळ सोल नकोच, खडा टोचलेला कळत नाही.

---

अनघा_र

डाव्या पायाला टाच उचलण्याचा एक सेट जास्त, आजपासून. दोन आठवड्यांनी १४ चे किती झाले ते इथेच लिहीन. उद्या १५५ वर पहिली धाव.